विहिरीच्या पाण्यावर दोन एकर ऊस, आणि कारखाना ६५ किलोमीटरवर : जमेल का?

बुराई_काठ
रामराम मंडळी. मी शिंदखेडा तालुक्यातला. साडेसात एकर जमीन, काळी, खाली मुरूम. पंचावन्न फूट विहीर, पाच एचपीची मोटर. आजवर कापूस, ज्वारी, थोडा हरभरा, एकदा केळी, बस. गुलाबी बोंडअळीने आणि वेचणीच्या मजुरीने कापूस नकोसा झालाय. गेल्या आठवड्यात एका कारखान्याचा चिटबॉय गावात आला होता. दोन एकर ऊस लावा, नोंद आत्ताच करून घेतो, तोडणी-वाहतूक आमची, म्हणाला. कारखाना आमच्या गावापासून ६५ किलोमीटर. जवळचा होता तो बंद आहे.

ऑक्टोबरात लावावा की जानेवारीत? पाणी पुरेल का? घरात दोन मतं आहेत. वडील नको म्हणतात, धाकटा भाऊ हो म्हणतो.

ठिबकवाला_शहादा
भाऊ, बिनधास्त लावा. ठिबक टाका, पाण्याचा प्रश्न मिटला. आमच्याकडे पाटपाण्यावर जेवढ्यात एक एकर भिजायचा, तेवढ्यात आता दोन एकर भिजतात. निम्मं पाणी वाचतं. ऑक्टोबरचा पूर्वहंगामीच लावा, जानेवारीच्या सुरूपेक्षा एकरी आठ-दहा टन जास्त निघतो. को ८६०३२ घ्या, खोडवा चांगला येतो.

श्रीकांत_पुणे
माझं आजोळ धरणगाव, पण शेतीतलं कळत नाही, म्हणून एक प्रश्न. खानदेशातला कापूस पूर्वीपासून मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना जात आलाय. मग ऊस ६५ किलोमीटर जायला काय अडचण? ट्रक आहेत, रस्ते आहेत. कारखाना शेताजवळच का लागतो?

पाटबंधारे_निवृत्त
बुराईकाठ, आधी एक काम करा. चिटबॉयचं नंतर बघू. तुमच्या विहिरीचं पाणी कधी मोजलंय का? किती फूट पाणी आहे ते मला नको. मे महिन्यात मोटर किती वेळ चालते आणि पाणी तुटल्यावर विहीर परत भरायला किती वेळ घेते, ते हवं. आणि दोनशे लिटरचं बॅरल पाइपाखाली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. जानेवारीतली विहीर बघून ऊस लावणारे मी नोकरीत शेकड्याने पाहिले. तेच लोक एप्रिलात टँकर शोधत फिरायचे.

बुराई_काठ
आत्ताच बॅरल लावून आलो. तीन वेळा मोजलं. २८ सेकंद, २८, २९.
मे महिन्याचं आठवणीने सांगतो. बऱ्या वर्षी सकाळी दीड तास आणि रात्री दीड तास चालते. २०२३ ला ऑगस्ट सगळा कोरडा गेला होता, त्याच्या पुढच्या मे महिन्यात सकाळी चाळीस मिनिटं, रात्री चाळीस मिनिटं. त्यानंतर मोटरचा फुटव्हॉल्व्ह नुसता वारा ओढायचा.

पाटबंधारे_निवृत्त
छान मोजलंत. आता हिशोब करू. सगळ्यांना करता येईल असा आहे.

२८ सेकंदांत २०० लिटर म्हणजे तासाला साधारण २५ हजार लिटर. बऱ्या वर्षी मे महिन्यात तीन तास, म्हणजे दिवसाला ७५ हजार लिटर. वाईट वर्षी ऐंशी मिनिटं, म्हणजे ३३ हजार. तुमच्या विहिरीची खरी ताकद हा दुसरा आकडा आहे. ऊस एकदा लावला की वर्ष-सव्वा वर्ष उभा राहतो. त्याला मधेच उपटता येत नाही, ज्वारीसारखा चार महिन्यांत हिशोबही मिटत नाही.

आता उसाची भूक. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. एवढं एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात, लू सुटलेली असताना, ऑक्टोबरात लावलेला ऊस सात महिन्यांचा असतो. पानांनी सरी झाकलेली असते. तो रोज साडेआठ मिलिमीटरच्या आसपास पाणी पानांतून उडवतो. एकरी ३४ हजार लिटर, दोन एकरांना ६८ हजार. ठिबक कितीही नीट चालवलं तरी दहाएक टक्के इकडे-तिकडे जातं, म्हणून ७५ हजार धरा. म्हणजे बऱ्या वर्षी तुमची विहीर जेमतेम काठावर, गुरांना प्यायला वेगळं उरत नाही. वाईट वर्षी पुरवठा गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

जानेवारीतला सुरू ऊस मे महिन्यात चार महिन्यांचा असतो. फुटवे फुटून झालेले, सरी अजून अर्धी उघडी. त्याला सहा मिलिमीटरच्या आसपास लागतं. एकरी २४ हजार, ठिबकाची गळती धरून २७ हजार. वाईट वर्षातल्या ३३ हजारांत एक एकर सुरू बसतो. दोन बसत नाहीत.

शहादेकरांचं ठिबकाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाटाने देताना जे पाणी सरीच्या तोंडाशी मुरून खाली जातं, दांडात जिरतं, ते ठिबकाने वाचतं. ते खूप असतं, नाकारत नाही. पण पानांतून उडणारं पाणी ठिबकाने कमी होत नाही, ते ऊन आणि वारा ठरवतात. दुसरं असं की विहिरीवरच्या रानात मुरलेल्या पाण्यातलं बरंचसं परत त्याच विहिरीला येत होतं. आणि वाचलेल्या पाण्यावर तुम्हीच म्हणालात तसा आणखी एक एकर लावला, तर विहिरीतून उपसा तेवढाच राहिला. रावेर-यावलकडे केळीला घरोघरी ठिबक आहे, तरी बोअर दरवर्षी खोल जातायत, ते यामुळेच.

ठिबकवाला_शहादा
साहेब, मान्य. आमच्याकडे तापीतून पाणी उचलणारं लिफ्ट आहे, त्यामुळे मे महिन्याचं हे दुखणं आम्हाला दिसत नाही. विहिरीवाल्याला माझा सल्ला लागू पडणार नाही. पण उत्पन्नाचं मी म्हणालो ते खरं आहे, पूर्वहंगामी जास्तच निघतो.

पांझरा_आप्पा
मी साक्री तालुक्यातला, वय ७८. आमच्या पांझरेवर फड पद्धत होती, अजून थोडी शिल्लक आहे. बंधाऱ्याखालच्या सगळ्या थळाचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस लावायचा तर त्या एकाच फडात. कोणीही उठून आपल्या बांधात ऊस लावला असं चालत नव्हतं. नदीला पाणी कमी दिसलं की एक फड पडीक ठेवायचे, आणि ज्याचं रान त्यात येई तो भांडत नसे, कारण त्याचं दुसरं रान दुसऱ्या फडात असायचं. पाटकरी पाणी द्यायचा, शेतकऱ्याने पाटाला हात लावायचा नाही. आमचा बाप म्हणे, पानी देखीसन पीक, पीक देखीसन पानी नही.

दुसरा फायदा तेव्हा कळत नव्हता. सगळा ऊस एका जागी असल्याने गुऱ्हाळ त्या फडाच्या कडेलाच मांडायचे. सकाळी तोडलेला ऊस दुपारी चरकात. बैलगाडीलाही लांब जायचं काम नव्हतं.

सुनंदा_लॅब
आप्पांनी श्रीकांत यांच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ दिलंच आहे. मी सत्तावीस वर्षं साखर कारखान्याच्या रसायनशाळेत काम केलं, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

कापूस आणि ऊस यांत मूळ फरक असा. कापूस वेचला की तो मेलेला, कोरडा असतो. घरातल्या खोलीत भरून ठेवा, भाव येईपर्यंत तीन महिने थांबा, काही बिघडत नाही. खानदेशात हे घरोघरी चालतं. ऊस तोडला तरी जिवंत असतो. तो श्वास घेत राहतो आणि स्वतःचीच साखर खातो. त्याच्या अंगातली पाचकद्रव्यं साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. चव गोडच लागते, पण ते दाणा म्हणून बसत नाहीत, मळीबरोबर निघून जातात. शिवाय कोयत्याने छाटलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात आणि साखरेचा चिकट डिंक करतात. म्हणून चोवीस तासांत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे, असं आम्ही सतत सांगायचो.

शिळा ऊस प्रयोगशाळेत यायच्या आधीच कळतो. यार्डात गाडीजवळ गेलं की आंबूस वास येतो. टिपरीचं तोंड लालसर-तपकिरी झालेलं असतं. रस गाळायला ठेवला की कागदातून उतरत नाही, थेंब थेंब पडतो. असा ऊस जास्त आला की पॅनवर साखर शिजायला वेळ लागतो, आणि दाणा चौकोनी यायच्या ऐवजी लांबट, सुईसारखा येतो. मी रात्रपाळीला काचेवर तो दाणा बघितला की शेतकी विभागाला फोन करून विचारायचे, आज कुठल्या गटाचा ऊस आला? बहुतेक वेळा सगळ्यात लांबच्या गटाचा असायचा. पेटवून तोडलेला असेल तर आणखी लवकर बिघडतो.

वजनाचंही बघा. एक टन उसात सातशे किलोच्या आसपास नुसतं पाणी. साखर निघते शंभर-एकशे दहा किलो. चिपाड पावणेतीनशे-तीनशे किलो निघतं आणि तेच बॉयलरमध्ये जळतं, म्हणून कारखान्याला कोळसा बाहेरून आणावा लागत नाही. म्हणजे कारखान्याला लांबून आणायची गोष्ट एकच, ऊस. दहा टन ऊस ६५ किलोमीटर ओढून न्यायचा, तर त्यातली टनभर साखर कामाची. साखर पोत्यात भरून कुठेही पाठवता येते, म्हणून गिरणी उसापाशी जाते, ऊस गिरणीपाशी जात नाही.

श्रीकांत_पुणे
ताई, आता कळलं. मग खानदेशात कारखाने उभे राहून बंद का पडले? सगळे म्हणतात राजकारण.

सुनंदा_लॅब
कर्ज, कारभार, हे सगळं होतंच, त्यात मी जात नाही. पण तांत्रिक बाजू कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. रोज अडीच हजार टन गाळणारा कारखाना घ्या. एकरी ४० टन धरले तर त्याला रोज ६२ एकर ऊस लागतो. पाच महिने चालायचा तर नऊ हजार एकरांच्या वर. कोल्हापूरकडे एवढा ऊस पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत मिळतो. आपल्याकडे ऊस कुठे आहे? तापीच्या काठाने, पांझरेच्या काठाने, गिरणेच्या पाटाखाली आणि मधे कुठेकुठे चांगल्या विहिरीवर. मधलं सगळं माळरान कापसाचं. ६२ एकर रोज गोळा करायचे तर गाड्या साठ-सत्तर किलोमीटर पाठवाव्याच लागतात. त्यात एक वर्ष पाऊस कमी झाला की ऊस निम्म्यावर येतो आणि घेर आणखी वाढतो. वाहतूक महाग होते, ऊस शिळा येतो, साखरेचा उतारा पडतो. पाणी कमी आणि कारखाना लांब, ही आपल्याकडे दोन वेगळी दुखणी नाहीत.

साक्रीचा_पोर
मी थोडं वेगळं लिहितो. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातात, बारडोलीच्या बाजूला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते. मी लहानपणी चार हंगाम त्यांच्यासोबत झोपडीत काढलेत.

इथे सगळे म्हणतायत चोवीस तासांत ऊस गेला पाहिजे. तो चोवीस तासांचा धाक आमच्यावर येतो. पहाटे चारला थंडीत फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री दहाला आली तर रात्री दहाला भरायची. आईच्या डोक्यावर मोळी आणि पायाखाली फळी, ती डुगडुगते. गाडी आली नाही तर बसून राहायचं, बसल्याचे पैसे नाहीत, मजुरी टनावर. मोळी वाळून हलकी झाली तर तेही आमच्यातूनच जातं. दादा, चिटबॉय म्हणाला ना तोडणी आमची? त्याला विचारा, तुमच्या दोन एकरांसाठी टोळी ६५ किलोमीटरवर उतरवणार आहेत का? दोन एकर म्हणजे टोळीचं चार-पाच दिवसांचं काम. तेवढ्यासाठी कोणी झोपड्या हलवत नाही. शेजारीपाजारी मिळून पंचवीस-तीस एकर असेल तर येतात.

बुराई_काठ
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या शिवारात ऊस कोणाचाच नाही. एकट्याचा असेल माझा.

गिरणाकाठचा_नाना
मग माझं ऐका, मी भोगलंय. चाळीसगाव तालुका. तीन वर्षांपूर्वी मी असाच एकटा होतो. फेब्रुवारीत तोड यायची, ती आली १४ एप्रिलला. टोळी आली नाही, कारखान्याने पाठवलेले चार कोयते आले. दोन ट्रॉल्या एकाच दिवशी भरल्या, एकाच प्लॉटमधून, मोळ्या मोजून, सारख्या. पहिली संध्याकाळी निघाली, रात्रीच काट्यावर गेली. ९ टन ४०० किलो. दुसरीचा ट्रॅक्टर वाटेत बंद पडला, मग कारखान्याची गव्हाण बंद, मग रांग. चार दिवस उन्हात उभी. ८ टन ६००. माझे आठशे किलो वाऱ्यावर गेले. काट्यावरच्या माणसाशी भांडलो, पण काटा बरोबर होता. उसाने आपलं पाणी सोडलं होतं.

ठिबकवाला_शहादा
नाना, फेब्रुवारीत ऊस पक्व झाला होता ना? मग पाणी तोडून टाकायचं. पक्व उसाचं पाणी तोडलं की साखर चढते. दोन महिने उभा राहिला म्हणून काय बिघडतं?

पाटबंधारे_निवृत्त
पाणी तोडायचं ते तोडीआधी दोन-तीन आठवडे. दोन महिने नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन महिने कोरडा ठेवलात तर कांडी आतून पोकळ होते, दशी पडते, वजन जातं. आणि मुळं मेली की खोडवा फुटत नाही, रानात खांडण्या पडतात. म्हणून शेतकरी घाबरून पाणी देत राहतो.

आणि इथेच लांबच्या कारखान्याचा छुपा खर्च आहे, जो उसाच्या बिलाच्या पट्टीवर कधी छापून येत नाही. पूर्ण वाढलेला ऊस मार्च-एप्रिलात रोज सात मिलिमीटरच्या आसपास पितो. एकरी रोज २८ हजार लिटर. तोड साठ दिवस लांबली तर एका एकराला सतरा लाख लिटर पाणी जास्तीचं गेलं. त्यातून एक किलो साखर वाढत नाही, उलट उतारा उतरतो. बुराईकाठ, तुमच्या विहिरीला हे सतरा लाख लिटर मार्च-एप्रिलात काढायचे आहेत, जेव्हा ती आधीच खाली चाललेली असते.

गिरणाकाठचा_नाना
बरोबर तेच झालं. हीर आटी गयी भाऊ. ऊस जगवला, आणि शेजारची लिंबाची बाग त्या दोन महिन्यांत गेली. अकरा वर्षांची झाडं होती. खोडवाही एप्रिलात फुटायला लागला, कोवळ्या फुटव्यांवर मे महिन्याचं ऊन आणि विहिरीत पाणी नाही. मोडून टाकला.

बुराई_काठ
धाकट्या भावाचा एक अंदाज होता. तो म्हणतो टनाला ३४०० भाव जाहीर होता, ४० टन म्हणजे १ लाख ३६ हजार एकरी.

सुनंदा_लॅब
३४०० हा २०२४-२५ चा एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव होता, आणि तो सव्वादहा टक्के उताऱ्याला. उतारा कमी तसा भाव उतरतो. साडेनऊ किंवा त्याखाली असेल तर तेव्हा ३१५१ होता. आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन तुमच्या हातात येतं. भावाला सांगा, जाहीर आकडा गव्हाणीतल्या उसाचा आहे, बांधावरच्या नाही. चिटबॉयला मागच्या हंगामाची एखाद्या लांबच्या गावातल्या शेतकऱ्याची पट्टी दाखवायला सांगा. त्यात कपात दिसते. आणि तोडीची तारीख व काट्याची तारीख शेजारी ठेवून बघा. पैसे चौदा दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे, पुढे पंधरा टक्के व्याज. प्रत्यक्षात कसं मिळालं तेही त्याच शेतकऱ्याला विचारा.

पांझरा_आप्पा
गुऱ्हाळाचं बघ बेटा. अर्धा एकर ऊस, दहा किलोमीटरवर गुऱ्हाळ असेल तर. तोड आपल्या हातात राहते. शिळ्या उसाचा गूळ मात्र बसत नाही, ढेप पाघळते, म्हणून तिथेही सकाळचा ऊस सकाळीच.

श्रीकांत_पुणे
मग खानदेशात ऊस लावूच नये, असं का?

पाटबंधारे_निवृत्त
तसं मी म्हणणार नाही. तापीच्या लिफ्टवर, कारखान्यापासून वीस किलोमीटरच्या आत, शेजारी शंभर एकर ऊस असेल तर शहादेकरांचं गणित चुकीचं नाही. नदीतल्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद वेगळा आहे आणि त्यावर माझं आणि माझ्याच जुन्या सहकाऱ्यांचं कधी पटलं नाही.

ठिबकवाला_शहादा
त्यावर वेगळा धागा काढा साहेब. लिफ्टवाल्यांची बाजूही ऐकायला पाहिजे. आम्ही पाइपलाइनचं कर्ज डोक्यावर घेऊन पाणी आणलंय.

बुराई_काठ
उशीर झाला उत्तर द्यायला. काल चिटबॉय परत आला. मी तीन गोष्टी विचारल्या. टोळी कुठे उतरणार, तोड कोणत्या पंधरवड्यात, आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या लांबच्या गावाची पट्टी. टोळीचं म्हणाला, बघू, आजूबाजूला पंचवीस एकर नोंद झाली तर. तोडीचं म्हणाला, प्रोग्रॅमप्रमाणे. पट्टी उद्या आणतो म्हणाला, अजून आली नाही.

ऑक्टोबरची लावण रद्द. वडिलांना बॅरलचा हिशोब वाचून दाखवला, ते म्हणाले आधी मोजायचं सुचलं असतं तर २०१८ ला केळी जळाली नसती. भाऊ अजून अर्धा एकर जानेवारीत लावू म्हणतोय, गुऱ्हाळासाठी. दोंडाईच्याच्या बाजूला एक गुऱ्हाळ चालू आहे असं ऐकलंय, रविवारी बघून येतो. तिथे ऊस कोणत्या महिन्यापर्यंत घेतात ते कोणाला माहीत असेल तर सांगा.